सातव्या महिन्यात लेह की महाबळेश्वर: उंचीवरचा ऑक्सिजन आणि रुग्णालयाचे अंतर

प्रश्न: "मी ऐरोलीला राहते. सध्या 23 वा आठवडा सुरू आहे. पहिली मुलगी सिझेरियनने झाली, ती आता चार वर्षांची आहे. हिमोग्लोबिन 9.2 आहे, बाकी रिपोर्ट नॉर्मल आहेत. मेच्या शेवटी मिस्टरांच्या ऑफिसचा ग्रुप सहा दिवस लेहला जातोय. सासूबाई म्हणतात, लेह नको, आपण महाबळेश्वरला तीन दिवस जाऊ. घरी ऑक्सिमीटर 98 दाखवतो, ऑक्सिजनचे छोटे डबेही मागवलेत. यातले कुठे गेले तर चालेल?"

लेहला जाऊ नका. महाबळेश्वरला जाता येईल, पण ते आज ठरवू नका. निघण्याच्या दोन आठवडे आधी दोन गोष्टी तपासून मग ठरवा, त्या शेवटी सांगते. ही दोन उत्तरे वेगळी आहेत, कारण दोन्ही ठिकाणचा धोका वेगळ्या जातीचा आहे. लेहमध्ये प्रश्न हवेचा आहे, तर महाबळेश्वरमध्ये हवेचा प्रश्न जवळजवळ नाहीच, तिथे प्रश्न रस्त्याचा आहे. माझ्याकडे ठाण्यात येणाऱ्या बहुतेक जोडप्यांच्या मनात या दोन गोष्टींची सरमिसळ झालेली असते. थंड हवेच्या ठिकाणी जाताना ती ऑक्सिमीटर आठवणीने बरोबर घेतात, पण मुक्कामापासून सिझेरियन होऊ शकेल असे रुग्णालय किती दूर आहे, हे कोणी विचारून आलेले नसते.

आधी हवेबद्दल. उंचीवर हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण घटते, असे आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो, परंतु ते प्रमाण ऐरोलीच्या खाडीकाठी आणि लेहच्या बाजारात सारखेच, म्हणजे सुमारे 21 टक्के असते. कमी होतो तो हवेचा दाब, आणि दाब कमी झाला की त्याच एका श्वासात फुप्फुसांपर्यंत पोहोचणारा ऑक्सिजनही कमी होतो. महाबळेश्वर सुमारे 1350 मीटर उंचीवर आहे, तिथे हा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण 15 टक्क्यांनी कमी असतो. लेह सुमारे 3500 मीटरवर आहे आणि तिथे तो साधारण 35 टक्क्यांनी कमी असतो. ज्या विमानातून तुम्ही प्रवास कराल, त्याच्या आतला दाबसुद्धा बहुधा 1800 ते 2400 मीटर उंचीइतका असतो. म्हणजे दोन तासांच्या साध्या विमानप्रवासात तुमचे शरीर महाबळेश्वरपेक्षा अधिक उंचीवर जाऊन येते, आणि निरोगी गरोदर बाईला त्याचा त्रास होत नाही.

याचे कारण असे की पोटातल्या बाळाला विरळ ऑक्सिजनाची सवय मुळापासूनच असते. वारेतून बाळाकडे जाणाऱ्या रक्तातील ऑक्सिजनचा दाब आईच्या धमनीतल्या दाबाच्या जेमतेम एक तृतीयांश असतो. त्यावर भागावे म्हणून बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या घडणीचे असते, ते कमी दाबातही ऑक्सिजन घट्ट धरून ठेवते आणि त्याचे प्रमाणही मोठ्या माणसापेक्षा जास्त असते. आईकडूनही तयारी झालेली असते. गरोदरपणातल्या प्रोजेस्टेरॉनमुळे ती अधिक खोल श्वास घेऊ लागते, आणि जिना चढताना तुम्हाला जी धाप लागते तिचा काही भाग याच बदलाचा आहे. म्हणून आई निरोगी असेल आणि वार नीट काम करत असेल, तर 2500 मीटरपर्यंतचा थोडक्या दिवसांचा मुक्काम बाळ सहज निभावून नेते. त्याच्या वर मात्र ही शिल्लक झपाट्याने संपू लागते. गरोदर बाईची ऑक्सिजनची गरज सुमारे 20 टक्क्यांनी वाढलेली असते आणि वाढत्या गर्भपिशवीने फुप्फुसांखालचा पडदा वर ढकलल्यामुळे श्वास सोडल्यावर फुप्फुसांत उरणारा हवेचा साठा तेवढाच घटलेला असतो. त्यामुळे एरवी तिला काही जाणवत नाही, पण न्यूमोनियासारखे काही झाले, तर तिचा ऑक्सिजन इतरांपेक्षा लवकर खाली येतो.

आता तुमच्या प्रश्नातल्या ज्या आकड्यावर तुम्ही स्वतः फारशी थांबला नाहीत, त्या 9.2 वर मला थांबायचे आहे. ऑक्सिमीटरवरचा 98 हा आकडा एवढेच सांगतो की तुमच्या रक्तात जे काही हिमोग्लोबिन आहे, त्यातले 98 टक्के ऑक्सिजनने भरलेले आहे. ते हिमोग्लोबिन मुळात किती आहे, हे त्या यंत्राला कळत नाही. हाताने हिशेब करून पाहू. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण 1.34 मिलिलिटर ऑक्सिजन वाहते. तुमचे 9.2 ग्रॅम आणि 98 टक्के धरले, तर तुमचे दर 100 मिलिलिटर रक्त सुमारे 12 मिलिलिटर ऑक्सिजन नेते. जिचे हिमोग्लोबिन 12 आहे, तिला लेहला उतरवले आणि तिचा ऑक्सिमीटर 88 वर आला असे समजा, कारण पहिल्या दिवशी तिथे 86 ते 92 मधला आकडा नेहमीचाच असतो. तिचे तेवढेच रक्त त्या अवस्थेतही सुमारे 14 मिलिलिटर ऑक्सिजन नेते. म्हणजे ऐरोलीत घरी बसून 98 दाखवणाऱ्या तुमच्या रक्तात, लेहमध्ये 88 दाखवणाऱ्या तिच्या रक्तापेक्षा कमी ऑक्सिजन आहे. तुम्ही लेहला गेलात तर तो 11 च्याही खाली जाईल. शरीर याची भरपाई हृदयाचा वेग वाढवून करते, आणि सातव्या महिन्यात ते हृदय आधीच एरवीपेक्षा सुमारे दीडपट रक्त फिरवत असते. हा हिशेब हिमोग्लोबिन 12 असलेल्या बाईला लेहची परवानगी देण्यासाठी मांडलेला नाही, कारण वारेतून ऑक्सिजन पलीकडे जाण्यासाठी दाबही लागतो आणि तो तिचाही उतरलेला असतोच. ऑक्सिमीटरवर विसंबून राहू नका, एवढ्यासाठी तो मांडला. आपल्याकडे हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून अधिक, 52.2 टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता.

ऑक्सिजनच्या डब्यांचे पैसे तुम्ही खर्च केले आहेत म्हणून सांगायला वाईट वाटते, पण त्यांचा उपयोग नाही. अशा मोठ्या डब्यात साधारण 12 लिटर वायू असतो. मिनिटाला 2 लिटर हा अगदी हलका प्रवाह धरला, तरी तो सहा मिनिटांत संपतो. ज्या बाईला खरोखर ऑक्सिजनची गरज पडते, तिला तो काही तास सलग लागतो आणि त्याच वेळी तिला खाली आणावे लागते. डबा हाताशी असला की माणसे थोडा वेळ वाट पाहू असे म्हणतात, आणि मला भीती त्या थोड्या वेळाची आहे.

लेहबाबत आणखी एक अडचण आहे, ती निदानाची. उंचीचा त्रास सुरू होतो तेव्हा डोके दुखते, मळमळते, झोप लागत नाही. गरोदरपणात 20 आठवड्यांनंतर रक्तदाब वाढून झटक्यांकडे जाणारा जो आजार असतो, त्याचीही सुरुवात डोकेदुखी, मळमळ आणि छातीखाली पोटाच्या वरच्या भागात दुखणे अशीच होते. ठाण्यात अशा बाईचा बीपी घेऊन आणि लघवीतील प्रथिने तपासून बऱ्याच अंशी उलगडा होतो. लेहच्या हॉटेलात मात्र बरोबरचे सगळेच डोके धरून बसलेले असतात आणि तिचे दुखणेही त्यातलेच समजले जाते. उंचीच्या त्रासासाठी ग्रुपमध्ये ज्या ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या वाटल्या जातात, त्या गरोदर बाईने स्वतःहून घ्यायच्या नसतात. शिवाय सहा दिवसांच्या सहलीत माणसे लेह शहरात बसून राहत नाहीत. पँगाँग सरोवर 4200 मीटरच्या वर आहे, खारदुंग ला त्याहूनही उंच आहे, आणि तिथून लेहच्या रुग्णालयात परत येणे हा काही तासांचा डोंगरातला प्रवास असतो. लेहहून विमाने बहुतांशी सकाळच्या वेळेतच सुटतात, त्यामुळे दुपारी काही झाले तर दुसऱ्या सकाळपर्यंत आणि तीही हवा स्वच्छ असेल तर, असे थांबावे लागते.

महाबळेश्वरला शांत बसलेल्या अवस्थेत ऑक्सिमीटर साधारण 95 ते 97 दाखवेल आणि त्यात काळजीचे काही नाही. थंड बोटे, नखांचे पॉलिश किंवा गडद मेंदी यांमुळे तो उगाच खाली दिसतो, म्हणून हात चोळून गरम करा, मिनिटभर आकडा स्थिर होऊ द्या आणि मगच वाचा. तरीही दोनदा मोजून तो 94 च्या खाली राहिला किंवा सोबत धाप, छातीत धडधड, आडवे झाल्यावर गुदमरल्यासारखे होणे, यांपैकी काही असले, तर "वर हवा विरळ आहे" असे स्वतःला समजावू नका. 1350 मीटर उंची हे त्याचे कारण असू शकत नाही. त्या उंचीवर जिचा ऑक्सिजन खरोखर उतरतो, तिच्या हृदयाची झडप आकसलेली आहे का, फुप्फुसात रक्ताची गाठ अडकली आहे का, किंवा न्यूमोनिया आहे का, हे त्याच दिवशी पाहावे लागते. लहानपणी सांधेतापामुळे आकसलेली झडप गरोदरपणापर्यंत कोणाच्या लक्षात आलेली नसते, असे आपल्याकडे आजही घडते.

आता रस्त्याचे सांगते, आणि त्यासाठी माझ्याच एका रुग्णाची हकिगत सांगते. तिला 31 वा आठवडा होता, सगळे रिपोर्ट उत्तम होते, हिमोग्लोबिन 11.8 होते. महाबळेश्वरला जाते म्हणाली आणि मी हो म्हटले. मुक्काम कुठे आहे, हे मी विचारले नाही, ती चूक माझी. मुक्काम महाबळेश्वरात नव्हता, तापोळ्याच्या बाजूला कोयनेच्या जलाशयाकाठी एका घरगुती निवासात होता. रात्री सव्वाअकराला झोपेत तिचे पाणी गेले. फोनला रेंज येत-जात होती, आणि गाडीचा चालक त्यांना सोडून गावातल्या नातेवाइकाकडे झोपायला गेला होता. तो सापडून गाडी निघेपर्यंत बारा वाजून दहा मिनिटे झाली. त्या वळणांच्या रस्त्याने महाबळेश्वरच्या शासकीय रुग्णालयात पोहोचायला सव्वा वाजला. तिथल्या परिचारिकेने अतिशय नेमके काम केले. बाळाचे ठोके ऐकले, हाताने उगीच तपासणी केली नाही, बाळाच्या फुप्फुसांसाठीचे डेक्सामेथासोनचे पहिले इंजेक्शन आणि अँटिबायोटिक दिले, आणि 108 ची रुग्णवाहिका बोलावली. मला तेव्हा पहिला फोन आला. नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेल्या साताऱ्याच्या रुग्णालयात ती पोहोचली तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजले होते. पाणी गेल्यापासून सव्वाचार तास झाले होते. कळा उशिरा सुरू झाल्या म्हणून दर बारा तासांनी एक अशी चारही इंजेक्शने पूर्ण झाली. बाळ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जन्मले, दीड किलोचे होते आणि तेवीस दिवस पेटीत राहून घरी आले.

ही हकिगत सुखरूप संपली, कारण पाणी जाणे या घटनेत सव्वाचार तास निभावतात. वार सुटून आत रक्तस्राव सुरू झाला असता, तर ते निभावले नसते. तेव्हा बाळासाठी मिनिटे मोजावी लागतात आणि आईला रक्त द्यावे लागते. तुमच्या बाबतीत पहिल्या सिझेरियनचा टाकाही आहे. टाक्याच्या जागी सतत दुखणे आणि त्यासोबत रक्त जाणे, हे घाटात बसून वाट पाहण्याचे लक्षण नाही.

म्हणून अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही, तिथे चार किलोमीटर कधी दहा मिनिटांचे असतात तर कधी पाऊण तासाचे. महाबळेश्वर ते सातारा सुमारे 55 किलोमीटर आहे, मोकळ्या रस्त्याने दीड तास धरा, पण मेमधल्या शनिवारी घाटात रांग लागली की तोच वेळ किती होईल याचा भरवसा नाही. वेळ मोजायचा तो अंथरुणातून उठल्यापासून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंतचा. त्यात गाडी मिळण्याचा वेळ येतो, आणि वरच्या हकिगतीत पहिले पंचावन्न मिनिटे नेमकी तिथेच गेली. माझा स्वतःचा नियम असा आहे की 24 आठवड्यांनंतर हा एकूण वेळ दोन तासांच्या आत असावा. त्याला पोथीचा आधार नाही, इतक्या वर्षांच्या अनुभवातून मी तो धरला आहे.

मुक्काम बुक करण्याआधी तिथल्या प्रसूतिगृहाला फोन करा आणि नुसते "सोय आहे ना" असे विचारू नका, त्याला उत्तर नेहमी "आहे" असेच मिळते. रात्री भूलतज्ज्ञ किती वेळात येतात, तुमच्या गटाचे रक्त तिथेच साठवलेले असते की कुठून आणावे लागते, आणि 28 आठवड्यांचे बाळ जन्मले तर ते कुठे पाठवतात, हे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्याचे उत्तर जे गाव असेल, ते तुमचे खरे रुग्णालय, आणि वेळ तिथपर्यंतचा मोजायचा.

माथेरानचे नाव तुमच्या प्रश्नात नाही, पण जवळचे म्हणून ते सुचवले जाईल, तेव्हा एक सांगून ठेवते. उंची अवघी 800 मीटर आहे, परंतु दस्तुरी नाक्यापुढे खासगी गाडी जात नाही. सातव्या महिन्यात तुमची स्वतःची गाडी दाराशी उभी नसणे, हीच तिथली अडचण आहे, आणि घोड्यावर बसणे तर पूर्णपणे वर्ज्य आहे.

महाबळेश्वरला गेलात तर मुक्काम बाजाराजवळ घ्या, सोमवार ते गुरुवार असे दिवस निवडा आणि चालकाची झोपायची सोय तुमच्याच हॉटेलात करा. गाडीत सीटबेल्टच्या पट्ट्याचा खालचा भाग पोटाखाली मांड्यांच्या सांध्यावर आणि वरचा दोन स्तनांच्या मधून येऊ द्या. पोटावरून पट्टा घेतला, तर जोराच्या ब्रेकला वार सुटू शकते, पण म्हणून पट्टा काढून बसणे हा उपाय नव्हे. दर दीड तासाने उतरून पाच मिनिटे चाला. फाइलमध्ये शेवटची सोनोग्राफी, रक्तगट आणि आधीच्या सिझेरियनचे कार्ड ठेवा. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल, तर पडल्यावर किंवा थोडेसे रक्त गेल्यावरही 72 तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन लागते, हे मिस्टरांनाही ठाऊक असू द्या.

आता त्या दोन गोष्टी. पहिली, वार कुठे आहे. आधी सिझेरियन झालेल्या बाईची वार खाली, जुन्या टाक्यावर असेल, तर ठाणे आणि नवी मुंबई सोडून कुठेही जायचे नाही, कारण तिथला रक्तस्राव अचानक आणि मोठा असतो. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत वारेची जागा लिहिलेली असते. तो रिपोर्ट मला किंवा तुमच्या डॉक्टरांना दाखवा, "नॉर्मल" या एका शब्दावर थांबू नका. दुसरी, हिमोग्लोबिन. लोहाच्या गोळ्यांनी ते तीन-चार आठवड्यांत साधारण एक ग्रॅमने वाढते. गोळ्या सोसत नसतील, तर शिरेतून लोह देता येते, पण त्यालाही फरक दिसायला दोन-तीन आठवडे लागतातच, म्हणून याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमबरोबर घेऊ नका, नाहीतर तिचा बराचसा भाग वाया जातो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात रक्त पुन्हा तपासा. ते 10 च्या वर गेले असेल, वार वर असेल आणि तोवर रक्त गेलेले किंवा पोट कडक होऊन दुखलेले नसेल, तर तीन दिवसांसाठी जा. ते 9.2 वरच अडकलेले असेल, तर बुकिंग रद्द करा, कारण तेव्हा प्रश्न सहलीचा राहत नाही. गोळ्या घेऊनही ते का वाढत नाही, थॅलेसेमिया मायनर आहे का, जंत आहेत का, हे शोधावे लागेल, आणि ते काम बाळंतपणाआधी उरलेल्या आठवड्यांतच व्हायला हवे.